मदत हवी आहे: शुक्रवारी पैसे भरले, मग युनिट सोमवारच्या एनएव्हीने का?

पारिजात_७: शुक्रवारी दुपारी अडीचला ॲपवरून एका इक्विटी फंडात १०,००० रुपये भरले. स्क्रीनवर एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ५१.८५ दिसत होता. स्टेटमेंट आलं त्यात ५२.४० आणि १९०.८३० युनिट! शुक्रवारचा एनएव्ही तर ५१.६२ होता. हा आकडा ठरवतं कोण, आणि मला सोमवारचा का लागला?

रानवाट: तीनच्या आत ऑर्डर म्हणजे त्याच दिवसाचा एनएव्ही. सरळ तक्रार ठोका.

जमाखर्च: तो नियम जुना झाला. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, पैसे तीनच्या आत फंडाच्या खात्यात पोचलेले लागतात. ॲपवरचे पैसे बरेचदा मध्ये एक-दोन ठिकाणी थांबून जातात. तुमचे तीननंतर पोचले असतील, तर पुढचा कामाचा दिवस सोमवारच.

५१.८५ हा गुरुवारचा आकडा. शुक्रवारचा दुपारी कुणालाच ठाऊक नसतो. मी फंड अकाउंटिंगमध्ये आहे. बाजार बंद झाल्यावर आमचं खरं काम सुरू होतं. समजा शेअर्स बंद भावाने धरून, बँकेतली रोकड आणि येणं मिळून ५२ कोटी ४५ लाख झाले. देणी ५ लाख. उरले ५२ कोटी ४० लाख. बाहेर १ कोटी युनिट असतील तर एनएव्ही ५२.४०. फंडाचा खर्चही त्या देण्यांत रोज थोडा थोडा धरला जातो. वर्षाला १ टक्का असेल तर एवढ्या फंडात दिवसाला साधारण १४ हजार रुपये. म्हणून तो तुमच्या स्टेटमेंटवर वेगळा कापलेला कधीच दिसत नाही.

तुमच्या दहा हजारांतून ५० पैसे मुद्रांक शुल्क गेलं. ९,९९९.५० भागिले ५२.४०, म्हणजे १९०.८३०. हिशेब बरोबर आहे.

आंबेमोहर: म्हणूनच मी १० रुपयांचा नवा फंड घेते. तेवढ्याच पैशांत युनिट भरपूर!

जमाखर्च: ताई, युनिट जास्त, पण प्रत्येकात मालमत्ता तेवढीच कमी. आतले शेअर १० टक्के वाढले तर १० चा ११ होईल आणि ५२.४० चा ५७.६४. दहा हजारांचे दोन्हीकडे अकराच हजार. शेअरच्या भावासारखी इथे मागणीने किंमत चढत नाही. तुम्ही पैसे घातले की मालमत्ता वाढते, त्याच हिशेबात युनिटही वाढतात.

रानवाट: २०२१ चा बदल माहीत नव्हता. पण विकताना?

जमाखर्च: विकताना पैसे पोचायचा प्रश्न नाही. इक्विटी फंडात अर्ज तीनच्या आत नोंदला की त्याच दिवसाचा.

पारिजात_७: शुक्रवारच्या भावाने १९३.७१४ युनिट आले असते. आजच्या भावाने दीडशे रुपयांचा फरक. बँकेतून पैसे २:४१ ला गेलेले दिसतात.

जमाखर्च: ती निघाल्याची वेळ. पोचल्याची वेळ ॲपवाल्यांकडून बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक देऊन लेखी मागवा. तीनच्या आतली निघाली तर शुक्रवारचा एनएव्ही मागता येईल.

पारिजात_७: मेल टाकला आहे. उत्तर आलं की इथेच लिहिते.