समुपदेशकाचं प्रोफाइल

"'६ सेशनमध्ये अँग्झायटी कायमची जाईल' असं प्रोफाइलवर लिहिलं तर चालेल का?"

नका हो लिहू, पहिली एक-दोन सेशन्स तर नुसतं ऐकून समजून घेण्यातच जातात, आणि सातव्या आठवड्यात धडधड परत आली की माणूस स्वतःलाच दोष देतो, माझ्याकडे एक ताई अशाच रडत आल्या होत्या. त्यापेक्षा सरळ लिहा, 'एमए समुपदेशन मानसशास्त्र, सीबीटीचं ट्रेनिंग, सुपरव्हिजन चालू. भीती वाटते तेव्हा मनात काय येतं ते वहीत लिहून आपण दोघं तपासतो, ६ सेशननंतर फरक पडतोय का ते मिळून बघतो. औषधं मी देत नाही, गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे जायला सुचवते.' आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन नसेल तर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अजिबात लावू नका.