मदत हवी आहे: बहुपदीचं प्रमाण रूप आणि नाव (नववी). मुलीचं उत्तर नेमकं कुठे चुकलं?

नववीची_आई
नमस्कार. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. काल घटक चाचणीचा पेपर घरी आला. एका प्रश्नाला 3 पैकी 0 गुण. प्रश्न असा होता:

```
4x − 2x³ + 7 + x²(2x − 5) + 3x
```

ही बहुपदी प्रमाण रूपात लिहायची आणि कोटी व पदांची संख्या यांवरून तिचं नाव सांगायचं. तिने लिहिलं:

```
−2x³ + x²(2x − 5) + 4x + 3x + 7
```

आणि खाली "घन बहुपदी, पाच पदे". त्यावर लाल पेनाने नुसती फुली आहे. ती मला बोट ठेवून दाखवते, "आई, सगळ्यात मोठा घात 3 आहे ना? आणि ही बघ, एक, दोन, तीन, चार, पाच." मला तिचं खोडून काढता येईना. दहावीनंतर माझा गणिताशी संबंध राहिला नाही. गुणांचं सोडा, पण ती रडवेली झाली आहे आणि तिला कारण हवंय.

मिलिंद_पां
ताई, आधी कंस सोडवायचा. x²(2x − 5) म्हणजे 2x³ − 5x². मग −2x³ आणि +2x³ उडून जातात, 4x आणि 3x मिळून 7x होतात. राहतं −5x² + 7x + 7. फक्त पहिलं पद ऋण ठेवत नाहीत, म्हणून सगळी चिन्हं बदलून 5x² − 7x − 7 लिहायला सांगा. वर्ग बहुपदी, त्रिपदी. झालं.

खडू_फळा
मिलिंद, अर्धं बरोबर सांगितलंत, पण चिन्हं बदलायची नाहीत. तसं लिहिलं तर पुन्हा गुण जातील. −5x² + 7x + 7 = 0 असं समीकरण असतं तर दोन्ही बाजूंना −1 ने गुणता आलं असतं, कारण पलीकडे शून्य आहे. इथे बरोबरचं चिन्हच नाही. x च्या जागी 0 ठेवलं तर मूळ राशीची किंमत 7 येते आणि तुमच्या राशीची −7. ती वेगळीच बहुपदी झाली. पहिलं पद ऋण असलं तरी प्रमाण रूपाला काही अडचण नाही.

आता नववीची_आई, तुमच्या लेकीबद्दल. तिने पदं मोजली ती बरोबर मोजली, पण फार लवकर मोजली. मी बरीच वर्षं नववी-दहावीला शिकवलं, आणि या धड्यात गुण जायचे ते बहुतेक याच घाईत. राशी जशी छापलेली आहे तशीच तिचं नाव ठेवलं जातं. नाव शेवटी ठेवायचं. कंस सोडवायचे, सजातीय पदं एकत्र करायची, जे उरेल ते घातांकांच्या उतरत्या क्रमाने लावायचं, आणि मगच कोटी बघायची.

तिला दिसलेला 3 हा घात खरा नव्हता असं नाही. तो एकदा उघड्यावर होता आणि एकदा कंसात दडलेला, विरुद्ध चिन्हाने. कंस उघडला आणि दोघांनी एकमेकांना खाल्लं. हे तिला सांगू नका, तिच्याकडून करून घ्या. कागदाच्या चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एक पद, चिन्हासकट: `+4x`, `−2x³`, `+7`, `+2x³`, `−5x²`, `+3x`. चिन्ह चिठ्ठीवरच हवं, कारण क्रम लावताना मुलं पद उचलतात आणि वजा मागे विसरतात. सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायला लावा. x³ च्या गठ्ठ्यात काहीच उरत नाही हे तिचं तिलाच दिसेल.

उत्तर: −5x² + 7x + 7. कोटी 2, पदं तीन, म्हणून वर्ग त्रिपदी.

सायली_नाशिक
माझा थोडा वेगळा प्रश्न आहे, इथेच विचारते. माझा मुलगा भागाकार करताना x³ + 5 ला x³ + 0x² + 0x + 5 असं लिहितो. मग तो म्हणतो ही चार पदं झाली, द्विपदी कशी? मलाही ते पटायला लागलंय.

खडू_फळा
सायली, तो लिहितो ते बरोबर आहे आणि तसं लिहायलाच हवं. सहगुणक रूपात (1, 0, 0, 5) लिहितानाही ती शून्यं लागतात, नाहीतर 5 कुठल्या जागेवरचा ते कळणार नाही. पण ती रिकामी जागा राखून ठेवणं झालं. पदं मोजताना सहगुणक शून्य नसलेलीच पदं मोजायची. x³ + 5 ही द्विपदीच. नाहीतर त्यामागे 0x⁴ लावून कोणी कोटीही 4 म्हणेल.

नववीची_आई
खडू_फळा, मनापासून आभार. चिठ्ठ्या केल्या. `−2x³` आणि `+2x³` शेजारी ठेवल्यावर ती गप्पच झाली, मग म्हणाली, "म्हणजे घन नव्हतीच ती." पण पुढचं उदाहरण पुन्हा चुकलं असावं. प्रश्न 6 − x(3 − x³) + 2x². तिचं उत्तर −x⁴ + 2x² − 3x + 6. माझं x⁴ येतंय, पण माझ्यावर माझा विश्वास नाही. आणि कोटी 4 असेल तर नाव काय?

मिलिंद_पां
तुमचं बरोबर आहे ताई. −x ने −x³ ला गुणलं की +x⁴. चिन्हांबद्दलची माझी वरची चूकही मान्य, माझ्या डोक्यात समीकरणच होतं. ताळा घ्यायचा तर x = 1 ठेवून बघा, पटकन होतं. मूळ राशी 6 − 2 + 2 = 6. तिचं उत्तर −1 + 2 − 3 + 6 = 4. जुळत नाही.

खडू_फळा
ताळा उत्तम, पण 1 वर थांबू नका. 1 चा कुठलाही घात 1 च, त्यामुळे घातांकाची चूक त्यात सापडत नाही. पहिल्याच उदाहरणात कोणी x² × 2x चं 2x³ ऐवजी 2x² लिहिलं, तरी x = 1 ला दोन्हीकडे 9 च येतं. x = 2 ठेवलं की मूळ राशी 1 आणि चुकलेली −7, लगेच उघडं पडतं. दुसऱ्या उदाहरणात x = 2 ला मूळ राशी 6 + 10 + 8 = 24. x⁴ + 2x² − 3x + 6 चीही 16 + 8 − 6 + 6 = 24. म्हणजे तुम्ही बरोबर.

नावाचं म्हणाल तर शाळेत रेषीय, वर्ग, घन एवढीच खास नावं वापरतात, आणि पदांसाठी एकपदी, द्विपदी, त्रिपदी. त्यापुढे सरळ लिहायचं: 4 कोटीची बहुपदी, पदे चार.

अक्षय_०७
आमच्या क्लासमध्ये चढता क्रमही प्रमाण रूप म्हणून चालतो. 7 + 7x − 5x² लिहिलं तर चूक का?

खडू_फळा
राशी तीच आहे, चूक म्हणवत नाही. पण नववीत उतरता क्रमच शिकवतात, तेव्हा पेपरात तोच लिहा.

अक्षय_०७
मग पेपर तपासणारे चढत्या क्रमाचे गुण कापतात का? कोणाला अनुभव?

सायली_नाशिक
आमच्याकडे एकदा कापले होते, एकदा दिले होते. बाई वेगवेगळ्या होत्या.

नववीची_आई
x = 2 चा ताळा तिला फारच आवडला. आता जुन्या वहीतली सगळी उदाहरणं काढून बसली आहे, आणि दोन जागी बरोबरची खूण असलेली उत्तरंच चुकीची निघाली. उद्या बाईंना दाखवणार म्हणते.