मदत हवी आहे: चिकनचं पाणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गळलंय, काय काय टाकू?

दिरांनी काल रात्री चिकनची पिशवी वरच्या कप्प्यात ठेवली. सकाळी बघते तर गुलाबी पाणी जाळीतून थेट खाली!

चिरलेली कोथिंबीर आणि काकडीची कोशिंबीर उघडीच होती, ती लगेच टाकली. न शिजवता खायचं ते ठेवण्यात अर्थ नाही, साल्मोनेला फ्रीजच्या थंडीत मरत नाही. दुधाच्या बंद पिशव्या साबणाने धुऊन पुसल्या. अख्खे बटाटे आणि दुधी धुऊन, सोलून नीट शिजवीन. टोमॅटो कच्चे खाणार नाही, रश्श्यातच जातील.

अडलंय ते पुढे. दह्याच्या भांड्यावर नुसती ताटली होती, तिच्या कडेला थेंब दिसतोय. आत गेला की नाही, कळत नाही. वरचा थर काढून भागेल का? मला तरी पटत नाही, पातळ पदार्थात पसरणारच. इडलीचं पीठही तसंच अर्धवट झाकलेलं होतं. वाफवल्यावर जंतू मरतील म्हणा, पण तोवर पळी, ओटा, साचे सगळ्याला लागेल ना? सासूबाई म्हणतात, एवढं दोन किलोचं पीठ टाकू नको.

ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनी सांगा: दही आणि पीठ, दोन्ही टाकायचं का? आणि कप्पा साबणाने धुतल्यावर ब्लीचचं पाणी फिरवायला हवं का?