अनुभव धागा: पिळलेले टाके तुम्हाला कधी आणि कशावरून कळले?

आबोलीची वेणी (गुहागर)

धागा काढायचं कारण म्हणजे मी स्वतः. पुतण्याच्या बायकोचा बाळंतविडा करायला घेतलाय, ती दोघं पुण्याला असतात म्हणून लोकरीचं चालतं, इथे गुहागरात कोण घालणार. टोपडं गोल सुईवर केलं आणि स्वेटर दोन सरळ सुयांवर. दोन्हीकडे सुया 10 नंबरच्या, लोकर एकाच गुंड्याची, हात माझेच. टोपडं एकदम मऊ झालं आणि स्वेटरचा मागचा भाग पुठ्ठ्यासारखा! पट्टी लावून मोजलं तर टोपड्यात 10 सेंमीत 24 टाके आणि स्वेटरमधे 26. मला वाटलं पावसामुळे हात चिकट होतोय म्हणून घट्ट पडतंय, असं म्हणत अर्धी पाठ विणून झाली.

मग एक दिवस दुपारी जरा उघडीप मिळाली तेव्हा पडवीत बसून ते कापड आडवं ताणून बघितलं. एका ओळीतले व्ही मोकळे, पाय फाकलेले, आणि त्याच्या वरच्या ओळीतले व्ही खाली पायावर पाय टाकून बसल्यासारखे. परत एक मोकळी, परत एक पिळलेली. एक सोडून एक, अगदी शिस्तीत. सुलट टाके मी बरोबर घालत होते म्हणून गोल टोपड्यात काही दिसलं नाही, त्यात बॉर्डर सोडली तर सगळं सुलटच असतं ना. गडबड उलट ओळीत होती. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ बघून लोकर डाव्या हातात धरायला शिकले, तेव्हापासून उलट टाका घालताना मी लोकर उजव्या सुईच्या खालून वर ओढून घेत होते, कारण तसं पटकन होतं. ती जायला हवी सुईच्या वरून आणि मग दोन सुयांच्या मधून खाली.

तुम्हाला कधी कळलं, कशावरून कळलं, आणि नंतर काय केलंत ते लिहा.

वेंगुर्ल्याची सून

अगदी हेच माझं झालेलं पण मी उलटंच निदान केलं होतं. घट्ट होतंय म्हणून 10 वरून 9 नंबरवर गेले, मग 8. कापड सैल झालं पण नजरेला ओबडधोबडच दिसायचं आणि आडवं ताणलं तरी सुटत नव्हतं, म्हणजे हात घट्ट असला की कापड दाट होतं पण ओढलं की सुटतं, पिळलेलं असलं की ओढल्यावरही मधेच अडतं, हा फरक मला फार उशिरा कळला. गळा मुलाच्या डोक्यातून जाईना. शेवटी तो स्वेटर मांजराला.

दापोलीच्या काकू

एवढं काही अवघड नाहीये. सुलट टाका नेहमी मागून विणायचा, सुई मागच्या बाजूने घालायची, झालं. आमच्या आईने असंच शिकवलं, चाळीस वर्षं विणतेय, एकही टाका पिळलेला नाही माझा.

खाडीकाठ (देवगड)

काकू, तुमचे टाके सरळ येत असणार यात शंका नाही, पण ‘नेहमी मागून’ हे जर आबोलीताईंच्या टोपड्याला लावलं तर आख्खं टोपडं पिळलं जाईल. तुम्ही उलट टाक्याला लोकर खालून घेत असणार, त्यामुळे पुढच्या ओळीत टाके सुईवर उलटे बसलेले मिळतात, आणि उलटा बसलेला टाका मागून विणला की तो सरळ होतो. दोन गोष्टी एकमेकींना फेडतात. जिचं उलट टाक्याचं वळण बरोबर आहे तिने मागून विणलं तर सगळंच बिघडेल.

मी नवीन मुलींना शिकवताना आधी विणायला लावतच नाही, सुईकडे बघायला लावते. डाव्या सुईवरचा टाका म्हणजे होडीच्या काठावर दोन्हीकडे पाय सोडून बसलेला माणूस. एक पाय तुमच्या बाजूला, एक पलीकडे. तुमच्या बाजूचा पाय जर सुईच्या टोकाजवळ असेल, म्हणजे उजवीकडचा, तर टाका बरोबर बसलाय. तुमच्या बाजूचा पाय टोकापासून लांबचा असेल तर उलटा बसलाय. डोळ्याने कळत नसेल तर दोन टाक्यांमधे जरा जागा करा आणि उजवी सुई त्यात घालून बघा. बरोबर बसलेल्याचं तोंड सरळ उघडतं, उलट्या बसलेल्यात पुढून घातली की दोन्ही पाय एकमेकांवर येतात आणि सुई जरा अडखळते. हाताला ते कळतं.

आणि एक गोष्ट लोक घोळतात. उलटा बसलेला टाका म्हणजे पिळलेला टाका नव्हे. पीळ पडतो तो नंतर, त्याच्या पुढच्या पायातून विणल्यावर. आबोलीताई, तुमच्या उलट ओळीत फक्त टाके उलटे बसतात, पिळतात ते पुढच्या सुलट ओळीत. म्हणून एक सोडून एक ओळ. सगळ्याच ओळी पिळलेल्या असत्या तर मी म्हटलं असतं की सुलट टाक्यालाही लोकर उलटी फिरतेय, किंवा दोन्ही ओळी मागून विणताय.

टोपड्याच्या बॉर्डरचे उलट टाके जरा उलगडून बघा. 1 सुलट 1 उलट गोल केलं असेल तर उलट टाक्यांच्या उभ्या रांगा सगळ्या पिळलेल्या असणार. खोबणीत जातात म्हणून दिसत नाहीत.

आबोलीची वेणी (गुहागर)

बघितलं. आहेत! अग्गोबाई. टोपडं मऊ म्हणून मी मिरवत होते.

शहाळं

माझापण गोल विणताना पीळ पडला होता, टाके घातले, गोल जोडले, बारा ओळी झाल्यावर बघते तर खालची कड सुईला गुंडाळलेली. सुई फिरवली तरी सरळ होईना. मी पण मागून विणून बघू का?

खाडीकाठ (देवगड)

नको, ते वेगळं दुखणं आहे. तुमची पूर्ण पट्टीच जोडताना पिळली, एकेक टाका चांगला असेल. त्याला मागून पुढून काही चालत नाही, बारा ओळींवर आलात तर उसवायचंच. पहिल्या एक-दोन ओळीत लक्षात आलं तर जोडाच्या जागी फिरवून सोडवता येतं कधीकधी.

शहाळं

उसवलं 😭

मांडवीची लाट (रत्नागिरी)

मी डावरी आहे आणि हा नियम मला कोणी सांगितला की माझं डोकं फिरायचं. माझी विणायची दिशाच उलटी, भरलेली सुई उजव्या हातात, तिचं टोक डावीकडे. शेजारच्या वहिनी माझी सुई बघून म्हणायच्या तुझे सगळे टाके उलटे बसलेत, आणि मी वर्षभर ते ‘सरळ’ करत बसले म्हणजे खरं तर पिळत बसले. आरशात बघितल्यासारखं घ्यायचं हे नंतर कळलं. उजवं-डावं न म्हणता ‘पुढचा पाय टोकाकडे’ एवढंच धरलं तर ते दोन्ही हातांना लागू पडतं. खाडीकाठ यांचं वाक्य म्हणून आवडलं.

सड्यावरची

माझे टाके विणून कधीच उलटे बसत नाहीत पण उसवल्यावर हमखास बसतात. लोकर ओढून चार ओळी काढल्या, सुई जशी घुसेल तशी घातली, निम्मे टाके या तोंडाचे निम्मे त्या तोंडाचे. आधी मी एकेक काढून फिरवून घालायचे, संध्याकाळ जायची त्यात. आता कसेही उचलते आणि पुढची ओळ विणताना प्रत्येक टाक्याकडे बघते, बरोबर असेल तर पुढून, उलटा असेल तर मागून. तसंच उलट ओळीतही. पांढरी लोकर असली तर चालतं, काळी असली आणि श्रावणात लाईट गेली तर देवाक काळजी.

मालवणी मसालो

गो बायांनो, माझी आजी मोजाच्या कडेक मुद्दाम पिळलेलो टाको घाली. कड घट्ट बसता म्हणान. सगळोच पीळ वायट नाय.

वेंगुर्ल्याची सून

हो, पण तो आजीने ठरवून घातलेला, प्रत्येक सुलट टाका मागून. आपला न ठरवता पडलाय.

आबोलीची वेणी (गुहागर)

आता माझा खरा प्रश्न. काकूंसारखं करू की हात बदलू? दोन दिवस लोकर वरून घ्यायचा प्रयत्न केला, दर दहा टाक्यांनी बोट आपोआप खालून जातं आणि मग एकाच ओळीत दोन तऱ्हेचे टाके, ते तर त्याहून वाईट. काल बाह्या सुरू केल्या, उलट ओळ माझ्या सवयीने, सुलट ओळ मागून. कापड लगेच मऊ पडलं. मोजलं, 24.

खाडीकाठ (देवगड)

चालेल की. कितीतरी बायका असंच विणतात, त्याला काँबिनेशन निटिंग म्हणतात, चूक नाही ती. फक्त बाहीला टाके कमी करताना सांभाळा. पॅटर्नमधे ‘दोन टाके एकत्र सुलट’ लिहिलं असेल तर ते उजवीकडे कललेलं हवं असतं. तुमचे उलटे बसलेले दोन टाके मागून एकत्र विणलेत तर डावीकडे कलतील, आणि पुढून विणलेत तर कलतील उजवीकडे पण पिळतील. म्हणून उजवीकडे हवं तिथे आधी ते दोन टाके एकेक करून फिरवून सुईवर बसवा, मग पुढून एकत्र विणा. डावीकडे हवं तिथे तुमची चैन आहे, आम्हाला टाके आधी उजव्या सुईवर घेऊन फिरवावे लागतात, तुम्ही थेट मागून विणायचं.

जाळी करतानाही. लोकर सुईवर घेताना खालून आली तर तो वळसाही उलटाच बसतो, पुढच्या ओळीत पुढून विणलात तर भोक बुजतं. मागून घ्या.

दापोलीच्या काकू

मी जाळी केली की भोकं बारीक मोठी यायची. आता कळलं का ते. जाळीच्या पुढच्या ओळीत मी कधी पुढून कधी मागून घ्यायचे असणार. बघायला हवं.

किहीमचा वारा

माझं मत वेगळं आहे, हात बदलावा. दोन-तीन आठवडे त्रास होतो मग बसतं. दुसऱ्याचा पॅटर्न वाचताना दर वेळी डोक्यात भाषांतर करत बसायचं ते मला तरी झेपत नाही. मी बदलताना फक्त वीस टाक्यांची पट्टी विणली, प्रत्येक उलट ओळ संपली की थांबून डाव्या सुईवर नजर, पुढचा पाय टोकाकडे आहे ना. एखादा चुकला असेल तर तिथेच दिसतो. एकच टाका पिळला गेला असेल आणि चार ओळी वर गेला असाल तर पूर्ण उसवू नका, सुलट बाजू पुढे ठेवून ती एक रांग सोडा आणि क्रोशेच्या सुईने एकेक शिडी पुढून वर घ्या. एक-दोन टाक्यांना हे ठीक, आबोलीच्या अर्ध्या पाठीला नाही चालायचं.

आबोलीची वेणी (गुहागर)

नाहीच चालायचं. बाह्या झाल्या, छान झाल्या. पण आता मऊ बाह्या आणि पुठ्ठ्याची पाठ, शेजारी ठेवलं की आंधळ्यालाही दिसेल. दिवस भरतात गणपतीच्या आधी. सासूबाई म्हणतात बाळाला कुठे कळतंय. जाऊबाई म्हणतात उसव. पाठीचे अजून 38 टाके सुईवर आहेत, आज रात्री लाईट राहिली तर बघते.