अपघाती मृत्यूंचं कारण: ‘अतिवेग’ की ‘हेल्मेट नाही’? सराव पेपरातला एक प्रश्न

भरतीवाला_जालना: सराव पेपरात प्रश्न आलाय. ‘भारतात रस्ते अपघातांत सर्वाधिक मृत्यू कशामुळे होतात? (अ) हेल्मेट न वापरणे (ब) अतिवेग (क) विरुद्ध दिशेने वाहन चालवणे (ड) मद्यपान.’ उत्तर ब दिलंय. आमचे क्लासचे सर म्हणतात, सगळ्यात जास्त दुचाकीवालेच मरतात, म्हणून अ. कोणतं धरू? आणि हे प्रश्न काढतात तरी कुठून?

निवृत्त_निरीक्षक: ब लिहा. असे प्रश्न बहुतेक केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालातून उचललेले असतात. २०२२ चा अहवाल उघडलात तर एकूण मृत्यू १,६८,४९१ दिसतील. त्यातले १,१९,९०४ अतिवेगाच्या रकान्यात आहेत, म्हणजे ७१ टक्क्यांच्या वर. विरुद्ध दिशेच्या रकान्यात जेमतेम ५ टक्के.

तुमच्या सरांचा गोंधळ कुठे होतोय तेही सांगतो. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ आहेत, पण तो आकडा त्या तक्त्यातला नाहीच. त्यासाठी वेगळा तक्ता आहे, सीट बेल्टच्या सोबतीला. आता अतिवेगाचे आणि हेल्मेटचे मृत्यू एकमेकांत मिळवून बघा. बेरीज येते १,६९,९३३. देशातल्या एकूण मृत्यूंपेक्षा जास्त! विरुद्ध दिशा, मोबाइल, दारू तर अजून धरलीच नाही. म्हणजे एकच माणूस दोन्हीकडे मोजलाय. गाडी वेगात होती म्हणून अपघात झाला, आणि डोक्यावर काही नव्हतं म्हणून जीव गेला. पहिला तक्ता अपघात का घडला ते सांगतो, दुसरा मरणाऱ्याने काय घातलं नव्हतं ते. पर्यायांत हे दोन्ही शेजारी ठेवणाऱ्याने प्रश्न नीट काढलेला नाही, हे मात्र मान्य.

खडूस_वाचक: ‘ब लिहा’ इथपर्यंत ठीक. पण तो ७१ टक्क्यांचा आकडा सत्य समजून पाठ करू नका. अपघाताच्या वेळी गाडीचा वेग मोजतो कोण? कुठल्याही पोलीस ठाण्यातली फिर्याद वाचा. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून’, हेच वाक्य, तालुका कुठलाही असो. निष्काळजीपणाचं कलम लावायचं म्हटलं की ‘भरधाव’ आपोआप कागदावर येतं. तेच पुढे बेरजेत चढतं. खड्डा, अंधारात दिवा न लावता उभा केलेला ट्रक, दुभाजक मध्येच फोडून केलेली वाट, हे कोणाच्या खात्यावर लिहायचं?

सातारकर: अहो काका, वेगानेच मरतात, त्यात शंका कसली! आणि हेल्मेट नसेल तर सरळ १००० रुपये दंड आहे, कलम १९४ड. तेच पाठ करा, तेवढंच विचारतात.

निवृत्त_निरीक्षक: सातारकर, कायद्यात १००० आहेत, बरोबर. पण महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड शुल्क ५०० केलं, म्हणून राज्यात चलान ५०० चं. शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित, हे सगळेच विसरतात. प्रश्नात ‘मोटार वाहन अधिनियमानुसार’ असं असेल तर १०००.

खडूसभाऊ, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण वेगाला एवढं निर्दोष सोडू नका.

एएमव्हीआय_तयारी: मी गणित करून दाखवतो, म्हणजे वेगाचा वाद निदान अर्धा मिटेल. सुक्या डांबरी रस्त्यावर, समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. ताशी ६० वर त्या सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटर. एकूण ३७. ताशी ८० वर आधी २२, मग ३६, एकूण ५८. आता बैल आडवा आलाय बरोबर ३७ मीटरवर. ६० वाला त्याच्या नाकाशी थांबला. ८० वाला त्याच जागी पोचला तेव्हा त्याचा वेग अजून जवळपास ६० आहे! म्हणजे २० जास्त असल्याने धडक २० ने बसत नाही, ६० ने बसते. कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पावसात हे आकडे याहून वाईट.

खडूस_वाचक: गणित छान आहे. पण माझा मुद्दा वेग धोकादायक नाही असा नव्हताच. वेगाने धडक जीवघेणी होते, एवढं तुम्ही सिद्ध केलंत. धडक वेगामुळेच झाली, हे कुठे सिद्ध झालं? विरुद्ध दिशेने आलेल्या गाडीसमोर ४० नेही काय करणार?

लातूरची_ताई: माझ्या भावाचं अगदी हेच झालं. हायवेवर तो सरळ चालला होता, समोरून टेम्पो राँग साइडने आला. पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून त्या पट्ट्यात सगळेच असे येतात. भाऊ हेल्मेट घालून होता म्हणून वाचला, पायात रॉड आहे. पण फिर्यादीत ‘भरधाव’ एवढंच आहे, विरुद्ध दिशेचा उल्लेखच नाही. आता विमा कंपनी म्हणते तुमचीही चूक. दाव्यात काय मांडू?

निवृत्त_निरीक्षक: ताई, प्रश्न परीक्षेचा चाललाय, पण तुमचं आधी. घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा मागून घ्या. काचा कुठे सांडल्या, टायर घासल्याच्या खुणा कुठल्या लेनमध्ये आहेत, यावरून टेम्पो कुठून आला ते ठरतं. ‘भरधाव’ या शब्दाने ठरत नाही. आणि अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकिलाला उद्यावर टाकू नका.

खडूसभाऊ, हीच केस घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये विरुद्ध दिशेने चालवणं ‘धोकादायक ड्रायव्हिंग’ म्हणून स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० ते ५००० दंड, किंवा दोन्ही. परीक्षेत हे कलम विचारण्याजोगं आहे, आणि ताईंच्या फिर्यादीत ते यायला हवं होतं.

खडूस_वाचक: तेच म्हणतोय ना! हा अपघात ५ टक्क्यांच्या रकान्यात जायला हवा होता, गेला ७१ च्या. असे किती?

निवृत्त_निरीक्षक: ते सांगता यायला तपास सुधारावा लागेल. आता अपघाताची नोंद जागेवरूनच मोबाइलवर, ई-डारमध्ये करायची असते, फोटोसकट. अक्षांश-रेखांश येतो, रस्त्याचा प्रकार येतो. वेगाचा अंदाज मात्र अजूनही नोंद करणाऱ्याच्या नजरेवर. तेवढं कबूल.

एएमव्हीआय_तयारी: @भरतीवाला, सरांच्या ‘दुचाकीवाले जास्त मरतात’ या वाक्यावर वेगळा प्रश्न होऊ शकतो. २०२२ मध्ये मृतांपैकी ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरचे होते. तिथे ‘कोणत्या वाहनावरचे’ असं विचारतील. राज्यांचंही तसंच. त्याच वर्षी सर्वाधिक अपघात तामिळनाडूत आणि सर्वाधिक मृत्यू उत्तर प्रदेशात. घाईत ‘अपघात’ आणि ‘मृत्यू’ यांतला एक शब्द वाचायचा राहिला की मार्क गेला.

भरतीवाला_जालना: म्हणजे ‘नियमभंग’ असेल तर ब, ‘वाहन’ असेल तर दुचाकी. सरांना तो बेरजेचा भाग दाखवतो. पण पर्यायात अ आणि ब दोन्ही असतील तर हरकत घेता येते का?

खडूस_वाचक: घ्या की. १,६९,९३३ ही बेरीज लिहून द्या, आणि तक्त्यांची दोन पानं जोडा. मान्य होईल याची खात्री मी देत नाही.