मदत हवी आहे: फ्रॅपमध्ये चकाकी पूर्ण परतत नाही, उरलेली प्रथिने खरोखर स्थिर आहेत का?

मृण्मयी: नमस्कार. जीएफपी जोडलेल्या एका रिसेप्टरची जिवंत पेशीच्या पटलावरील हालचाल मी फ्रॅपने मोजत आहे. १ मायक्रोमीटर त्रिज्येचा ठिपका लेझरने ब्लीच केला की चकाकी १०० वरून २० वर उतरते आणि आजूबाजूची न विझलेली प्रथिने सरकत आत आली की ६८ पर्यंत चढून थांबते. निम्मी चढण ४.५ सेकंदांत होते आणि चित्रण एक मिनिटाचे आहे. गेलेल्या ८० पैकी ४८ परतले, म्हणजे ४० टक्के प्रथिने जागीच खिळलेली आहेत असे लिहावे का?

श्रीरंग: अवश्य लिहा, ती पेशीच्या सांगाड्याला बांधलेली असणार. D = 0.224 r²/t½ या सूत्राने विसरणांक सुमारे ०.०५ चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद येतो, जो पटलातील प्रथिनाला साजेसाच आहे.

अदिती: ठिपका दुप्पट केला तरी माझ्याकडे निम्म्या चढणीचा वेळ बदलत नाही. माझे प्रथिन मात्र पेशीद्रवातून येऊन पटलाला चिकटते.

विश्वास: अदिती, तुमच्याकडे वेळ लागतो तो चिकटण्या-सुटण्याला, त्यामुळे ठिपक्याच्या आकाराने फरक पडत नाही. मृण्मयी यांचे प्रथिन पटलातच विसरत असेल, तर २ मायक्रोमीटर त्रिज्येला तो वेळ चौपट, म्हणजे १८ सेकंदांच्या आसपास यायला हवा. श्रीरंग यांचे सूत्र वापरण्यापूर्वी हे तपासावेच. ४० टक्क्यांचा आकडा मात्र मला पटत नाही. मृण्मयी, त्याच चित्रणात ब्लीच न केलेली शेजारची पेशी शेवटी किती उजळ होती?

मृण्मयी: १०० वरून ८५ वर आली होती.

विश्वास: मग चित्रणाच्या प्रकाशानेच सगळीकडची चकाकी घटली आहे. ६८ ला ०.८५ ने भागल्यास ८० येतात. म्हणजे ८० पैकी ६० परतले आणि फिरती प्रथिने ७५ टक्के ठरली. ही दुरुस्ती प्रत्येक चित्राला करा, कारण तिने ४.५ सेकंदही बदलतील. त्यानंतर तोच ठिपका पुन्हा ब्लीच करून पाहा. आतली स्थिर प्रथिने पहिल्याच वेळी विझलेली असल्याने दुसरी चढण, हीच दुरुस्ती करून, दुसऱ्या ब्लीचपूर्वीच्या पातळीच्या जवळ पोहोचली पाहिजे. ती पुन्हा तितकीच अपुरी राहिली, तर पेशीतला चमकणारा साठाच ब्लीचमध्ये खर्च होत आहे किंवा लेझरने पटलाला इजा होत आहे, अशी शंका घ्यावी.

श्रीरंग: शेजारच्या पेशीचा विचार मी केला नव्हता. पण उरलेली २५ टक्के तरी बांधलेलीच ना?

विश्वास: तसे म्हणता येत नाही. अतिशय संथ सरकणारी प्रथिनेही एका मिनिटात स्थिरच भासतात, आणि दुहेरी ब्लीचने हा भेद उलगडत नाही. त्यासाठी चित्रण लांबवावे लागेल, आणि तेवढ्या वेळात पेशी स्वतः हलली किंवा तिने नवे रिसेप्टर पटलावर आणून सोडले, तर त्या चढणीचाही अर्थ बदलतो.

मृण्मयी: आधी दोन त्रिज्या आणि दुहेरी ब्लीच करते. लांब चित्रणात पटलावर येणारे नवे रिसेप्टर वेगळे कसे ओळखावेत, हे कोणी केले असल्यास कृपया सांगावे.