मदत हवी आहे: ग्राहकांच्या 48 फोन-उताऱ्यांतून तक्रारींची क्रमवारी कशी लावावी?

रामबागची_लेखनिका (इंदूर):

नमस्कार मंडळी. इंदुरात घरगुती आरओ यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी कार्यालयीन काम पाहते. दुरुस्ती झाल्यावर आमची एक सहकारी ग्राहकांना फोन करून अभिप्राय विचारते. जून महिन्यातील अशा 48 फोनचे लेखी उतारे माझ्याकडे आहेत. ध्वनिमुद्रण संगणकावरील प्रणालीने लिहून काढलेले असल्याने ते जसेच्या तसे, म्हणजे आपल्या इंदुरी हिंदीत, देवनागरीत आहेत. आमच्या मालकांचे भागीदार नाशिकला असतात. त्यांना सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारी क्रमाने आणि प्रत्येकीखाली ग्राहकांची एक-दोन वाक्ये, असा दोन पानी अहवाल पाहिजे आहे.

मी शब्द शोधून मोजणी केली. 'देर', 'टाइम' आणि 'लेट' हे शब्द मिळून 118 वेळा आले, 'पैसे' आणि 'बिल' मिळून 41 वेळा, तर 'फोन नहीं उठाते' किंवा तत्सम 17 वेळा. त्यावरून उशीर ही पहिल्या क्रमांकाची तक्रार ठरते. परंतु उतारे वाचताना माझ्या मनावर तसा ठसा उमटला नाही. लोक बिलाबद्दल अधिक तळमळीने बोलत होते असे वाटले. माझे वाटणे खरे धरावे की आकडे? आणि वाक्ये हिंदीतच ठेवावीत की मराठीत करून द्यावीत?

आकडेमोड_अण्णा (इंदूर):

आकडेच खरे धरावेत, वाटण्यावर अहवाल लिहिता येत नाही. आपली पद्धत योग्यच आहे, फक्त शब्दांची यादी वाढवा. 'देरी', 'इंतजार', 'कब आओगे' हेही घ्या, म्हणजे मोजणी पक्की होईल. मी आमच्या दुकानातील निरोपांची मोजणी अशीच करतो आणि अर्ध्या तासात काम होते.

लष्करचा_रहिवासी (ग्वाल्हेर):

ताई, आपला त्रास मी समजू शकतो. आमच्याकडेही आरओवाला तीन वेळा येऊन गेला आणि नळ अजून गळतोच आहे. आपण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बिल व फोनच्या तारखा जवळ ठेवाव्यात, तिथे त्या विचारतात.

रामबागची_लेखनिका:

आभारी आहे, पण मी ग्राहक नसून ज्यांच्याविरुद्ध तक्रारी होतात त्या बाजूची आहे. (तीन फेऱ्यांनंतरही नळ गळतो, हे मात्र मी लिहून ठेवले. आमच्या उताऱ्यांतही हेच वाक्य वारंवार येते.)

मांडवीचे_सर्वेक्षक (बडोदे):

मी पुष्कळ वर्षे बाजार-सर्वेक्षणात मुलाखतींची वर्गवारी करत आलो आहे. अण्णांचे अर्धे म्हणणे मला पटते. वाटण्यावर अहवाल लिहू नये हे खरे, पण शब्दांची संख्या म्हणजे तक्रारींची संख्या नव्हे. ते 118 शब्द कोणी उच्चारले, हे आधी पाहा. आपली सहकारी प्रत्येक फोनवर 'टेक्नीशियन टाइम पे आए थे?' असे विचारते का? विचारत असेल, तर त्यातले 48 शब्द तिचेच आहेत. उरलेल्यांत 'देर नहीं हुई, टाइम पे ही आए' अशी समाधानाची वाक्ये किती आहेत, हेही वेगळे काढा. आणि एकच चिडलेला माणूस तोच शब्द किती वेळा म्हणतो, तेही बघा.

शब्द बाजूला ठेवून ग्राहक मोजा. एका ओळीत एक ग्राहक, वर तक्रारींचे रकाने. तक्रार असेल तर 1, नसेल तर 0. एकाच ग्राहकाला दोनदा फोन झाला असेल, तर दोन्ही उतारे एकाच ओळीत येतील. प्रत्येक तक्रारीसाठी आणखी एक रकाना ठेवा: ग्राहक ती आपणहून बोलला की विचारल्यावर 'हाँ' म्हणाला. सर्वांत महत्त्वाचा रकाना हाच, आणि लोक नेमका तोच गाळतात.

रामबागची_लेखनिका:

सर, दोन दिवस लागले, पण सगळे उतारे पुन्हा वाचले. आपला अंदाज अचूक निघाला. 118 पैकी 48 शब्द प्रश्नातले आहेत आणि 22 शब्द 'बिल्कुल टाइम पे आए' अशा समाधानाच्या वाक्यांतले. उरलेल्या 48 पैकी 9 एकट्या सुदामा नगरच्या एका ग्राहकाचे आहेत. तिघांना दोनदा फोन झाल्यामुळे ग्राहक 45 भरले.

त्या 45 जणांपैकी उशिराची तक्रार 16 जणांची आहे, पण आपणहून फक्त 5 जण बोलले. बिलाची तक्रार 14 जणांची असून 12 जण आपणहून बोलले. फोन न उचलण्याबद्दल 9 जण, त्यातले 8 आपणहून. दुरुस्तीनंतर पुन्हा बिघडण्याचे मी तीन रकाने केले होते: गळती 6, पाण्याला वास 5, यंत्र बंद पडणे 4. अशाने तिन्ही तळाशी जातात. एकत्र केले तर 15 म्हणायचे का?

मांडवीचे_सर्वेक्षक:

बेरीज करू नका. गळती आणि वास या दोन्ही तक्रारी करणारा माणूस तिच्यात दोनदा मोजला जाईल. तिघांपैकी एक तरी रकाना भरलेले ग्राहक मोजा. ते तीन रकाने D, E, F असतील, तर:

```
=SUMPRODUCT(--((D2:D46+E2:E46+F2:F46)>0))
```

एकत्र करावे की नाही, हे अहवाल वाचणारा काय करणार आहे त्यावर ठरते. भागीदारांना सुटे भाग बदलायचे असतील, तर गळती आणि वास वेगळे हवेत. दुरुस्तीची पद्धत सुधारायची असेल, तर 'पुन्हा तोच बिघाड' हा एकच वर्ग हवा. फोडले की तक्रार खाली घसरते आणि जोडले की वर चढते. म्हणून वर्ग आकडे पाहण्याआधी ठरवावेत आणि ते कसे ठरवले हे अहवालात एका वाक्यात लिहावे.

दुसरे असे की बारा उतारे एखाद्या सहकाऱ्याला आपली उत्तरे न दाखवता वर्गवारीसाठी द्या. दोघांचे जिथे जुळत नाही, तिथे बहुधा आपल्या वर्गाची व्याख्याच सैल असते.

आकडेमोड_अण्णा:

मान्य करतो, प्रश्नातले शब्द माझ्या लक्षात आले नव्हते. पण सर, विचारल्यावर 'हाँ, देर हुई' म्हणणारा माणूस खोटे बोलतो असे थोडेच आहे? त्या 11 जणांना उशीर झालाच असेल. त्यांना यादीतून काढणे मला अन्यायाचे वाटते.

मांडवीचे_सर्वेक्षक:

काढू नका, वेगळे दाखवा. ग्राहकाला उशीर झाला की नाही हा एक प्रश्न आणि तो त्याला इतका खुपला की त्याने स्वतः विषय काढला, हा दुसरा. बिलाबद्दल आपल्या सहकारीने सगळ्यांना विचारलेच नसेल, तर बिल आणि उशीर यांची थेट तुलना होत नाही. माझ्या मते क्रमवारी आपणहून बोललेल्यांवर लावावी आणि एकूण आकडा शेजारी द्यावा. माझे जुने सहकारी मात्र याच्या उलट करत असत, आणि त्यावर आमचे कधीच एकमत झाले नाही.

रामबागची_लेखनिका:

सूत्राने 13 ग्राहक आले, म्हणजे दोघे जण दोनदा मोजले गेले होते. त्यांतले 10 आपणहून बोललेले आहेत. बारा उतारे सहकाऱ्याने पाहिले आणि तीन ठिकाणी आमचे जुळले नाही. तिन्ही ठिकाणी वाक्य एकाच धर्तीचे होते: 'आदमी को तीन बार आना पड़ा।' मी ते उशिरात टाकले होते, त्याने पुन्हा बिघाडात. मग नियम केला: सुटा भाग जवळ नव्हता म्हणून फेऱ्या झाल्या असतील तर उशीर, आणि दुरुस्ती टिकली नाही म्हणून झाल्या असतील तर पुन्हा बिघाड. त्या नियमाने सगळे उतारे तपासल्यावर आपणहून बोललेले दोन ग्राहक उशिरातून पुन्हा बिघाडात गेले. आता आपणहून बोललेल्यांत बिल 12, पुन्हा बिघाड 12, फोन न उचलणे 8 आणि उशीर 3. एकूण पाहिले तर पुन्हा बिघाड 15, बिल 14, उशीर 14 आणि फोन 9. मग पहिला क्रमांक कोणाचा?

एक गंमतही सांगते. टेक्निशियनच्या वागणुकीच्या रकान्यात मी 'मेंबर ने बदल दिया' असे एक वाक्य ठेवले होते. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कळले की ग्राहक 'मेम्ब्रेन बदल दिया' म्हणत होते.

मांडवीचे_सर्वेक्षक:

म्हणूनच अहवालात जाणारे प्रत्येक वाक्य आधी कानांनी ऐकावे. ते बोलले कोण, हेही तेव्हाच कळते. 'तो आपको बिल ज्यादा लगा?' हे आपल्या सहकारीचे वाक्य आणि ग्राहकाचे फक्त 'जी', असे असेल, तर ते वाक्य ग्राहकाच्या तोंडी घालता येत नाही.

क्रमांकाचे म्हणाल, तर दोघांनाही संयुक्त पहिला क्रमांक द्या. दोन ग्राहक इकडचे तिकडे झाले आणि क्रम हलला, हे आपण आत्ताच पाहिले. फोन न उचलणे तिसरे, ही जागा त्या मानाने पक्की आहे. टक्केवारी देऊ नका. फोन फक्त दुरुस्ती पूर्ण झालेल्यांना गेला आणि उचलला त्यांचेच बोलणे आपल्याकडे आले. ज्यांच्याकडे माणूस अजून पोहोचलाच नाही, ते या 45 जणांत नाहीत, आणि उशिराबद्दल सर्वाधिक तेच बोलले असते.

सराफ्यातली_गृहिणी (इंदूर):

मध्येच विचारते, क्षमा असावी. कोणी यंत्रातून झटका बसल्याचे सांगितले आहे का? आमच्याकडे तसे झाले होते. असा एकच ग्राहक असला तर तो या क्रमवारीत सर्वांत तळाशी जाईल.

रामबागची_लेखनिका:

आहे. एकाच बाईंनी सांगितले आहे, तेही फोन ठेवता ठेवता. हे मी क्रमवारीत न घालता अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहीन आणि मालकांना आजच सांगेन.

वाक्ये मी अशी निवडली आहेत. बिलाखाली: 'बिना पूछे फिल्टर बदल दिया, फिर बोले पंद्रह सौ।' पुन्हा बिघाडाखाली: 'दो दिन ठीक चला, फिर वही टपकना शुरू।' फोनखाली: 'उठाते हैं तो बोलते हैं, टेक्नीशियन को बोल दिया है।' मूळ हिंदी वर आणि मराठी अर्थ खाली. बिलाबद्दल याहून तिखट वाक्य होते, 'ये तो सीधी लूट है', पण त्यातून नेमके काय झाले हे कळत नाही म्हणून वगळले.

मांडवीचे_सर्वेक्षक:

निवड चांगली आहे. फक्त बिलाच्या वाक्याबाबत एक शंका. बारा जणांपैकी किती जणांची तक्रार 'न विचारता बदलले' अशी आहे आणि किती जणांची केवळ 'महाग' अशी?

रामबागची_लेखनिका:

आत्ता मोजले. न विचारता बदलल्याची 7, रक्कम जास्त वाटल्याची 5. म्हणजे हा वर्गही फोडावा लागेल की काय? फोडला तर पुन्हा बिघाड एकटाच पहिला येतो.

आकडेमोड_अण्णा:

आकडे पाहिल्यावर वर्ग बदलू नयेत, असे सरांनीच वर लिहिले आहे.

मांडवीचे_सर्वेक्षक:

लिहिले आहे खरे. वर्ग एकच ठेवा, क्रमांक संयुक्तच राहू द्या आणि बिलाखाली 7 व 5 अशी फोड दाखवा. भागीदार विचारतीलच, तेव्हा पुढच्या महिन्याच्या उताऱ्यांसाठी हे दोन वर्ग आधीपासून वेगळे धरा.